‘बुडलेला तास’ हे शब्द आधी खोडा

«माझा छोटा क्लास आहे. 3 बॅच, प्रत्येकी 8 मुलं, आठवड्याला 2 तास. फी आणि सुट्ट्यांवरून पालकांशी दर महिन्याला वाजतं. नियम कसे लिहू?»

फीची तारीख वगैरे तुम्ही लिहालच. मला घाम फोडला तो एका ओळीनं: ‘बुडलेला तास भरून दिला जाईल.’ मला म्हणायचं होतं, मी आजारी पडले तर. पालकांनी वाचलं, मूल गावाला गेलं तरी. त्यांचं काय चुकलं? तास कुणी बुडवला हे त्या ओळीत नव्हतंच.

तुमचाच हिशोब करा. महिन्याला तुमचे नेहमीचे तास 24. प्रत्येक मूल महिन्यात एकदाच, पण वेगवेगळ्या दिवशी चुकलं, तरी जादा तास 24. म्हणजे तेवढ्याच फीत दुप्पट काम! माझे वर्षभराचे रविवार यातच गेले, आणि वर आठपैकी 3 दिवस न आलेल्या मुलाच्या वडिलांनी त्या दिवसांची फी परत मागितली ती वेगळीच.

आता मी दोन वेगळे नियम लिहिते, आणि ‘बुडलेला’ हा शब्द कुठेच नाही:

‘क्लासने तास रद्द केला, तर तो त्याच महिन्यात घेऊ. नाही जमलं, तर पुढच्या फीतून आठवा हिस्सा कमी करू.’

‘विद्यार्थी गैरहजर राहिला, तर फी कमी होणार नाही, कारण त्याची जागा राखलेली असते. आदल्या संध्याकाळपर्यंत कळवल्यास महिन्यातून एकदा, जागा असेल तर, दुसऱ्या बॅचमध्ये बसता येईल.’

यासाठी खोलीत 10 मुलं मावत असतील तरी प्रवेश 8 लाच द्या. त्या 2 रिकाम्या जागा मोहाच्या आहेत, पण भरल्यात की हा नियम नुसता कागदावर राहतो.

‘या महिन्यात 9 तास, त्या महिन्यात 8’ हा वादही मिटतो. नेहमीचे तास 1 ते 28 तारखेतच ठेवा. 28 दिवसांत प्रत्येक वार बरोबर चारदाच येतो, म्हणून तास कायम 8. उरलेले दिवस तुम्ही रद्द केलेल्या तासांसाठी. फेब्रुवारीत बहुधा उरतच नाहीत, तिथे फीच कमी करावी लागते. मधेच प्रवेश घेणाऱ्याला उरलेल्या तासांची फी: 5 उरले तर आठातले 5 हिस्से.

बॅच बदल फक्त 1 तारखेपासून. हे माझं मत, काहीजण मधेही करू देतात.

मी कायद्यातली जाणकार नाही, आणि मोठ्या क्लासचं गणित निराळं असेल. आणखी एक, नवे नियम जुन्या पालकांना सत्राच्या मधेच लावू नका. मी लावले होते, दोन मुलं गेली. आणि ग्रुपवर टाकून मोकळ्या होऊ नका, शुभेच्छांच्या फोटोंखाली तो मेसेज दुपारपर्यंत गाडला जातो. प्रवेशाच्या वेळी कागदावर सही घ्या, एक प्रत त्यांना द्या.