चलनावरचा शिक्का आणि मागे राहिलेलं खोकं

*प्रश्न: आमचं छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे. एकाच ऑर्डरचा माल दोन-तीन खेपांत जातो, बिल महिन्याच्या शेवटी एकदम करतो. टॅलीत स्टॉक कमी दिसतो, शेडवर मात्र माल असतो. पार्टीकडून पैसे बिलापेक्षा कमी येतात आणि का कमी ते कळत नाही. ऑर्डर, चलन, बिल आणि पावती यांपैकी कुठल्या कागदावर नेमकं काय लिहायचं?*

तुमचं वाचताना २०२२-२३ सालचा माझाच बाड उघडल्यासारखं वाटलं. आधीच सांगतो, मी सीए नाही. शीट मेटलचे ब्रॅकेट करणारा माणूस आहे, हिशोब स्वतः बघतो आणि खाली लिहिलंय ते पैसे घालवून शिकलोय. कराचा भाग तुमच्या सीएकडून एकदा खात्री करून घ्या.

टॅलीतल्या स्टॉकचं आधी सांगतो, कारण ते दहा मिनिटांचं काम आहे. डिलिव्हरी नोट टाकली की स्टॉक तिथेच कमी होतो. नंतर बिल करताना तिचा `Tracking No.` निवडला नाही, `Not Applicable` राहू दिलं, तर बिल तोच माल दुसऱ्यांदा कमी करतं. `Sales Bills Pending` रिपोर्ट उघडा. बिल होऊनही जी चलनं तिथे ‘बिल बाकी’ म्हणून दिसतील, ती सगळी याच भानगडीतली. डिलिव्हरी नोटमध्ये ऑर्डर नंबर निवडायचा राहिला असेल तर माल जाऊनही ऑर्डर उघडीच दिसते, तेही बघून घ्या.

आता मूळ दुखणं. महिन्याअखेर एकदम बिल करायची सवय मलाही होती. जीएसटीत साध्या विक्रीचं बिल माल गेटबाहेर पडताना किंवा त्याआधी व्हायला लागतं. नुसत्या चलनावर माल पाठवायची मुभा जॉबवर्क, पसंतीसाठी पाठवलेला माल अशा ठरावीक प्रकारांपुरती आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी या सवयीत एक मोठी गोम आहे. महिन्याच्या शेवटी बिल करायला बसलेला माणूस चलनं चाळत नाही, ऑर्डर समोर ठेवतो आणि ऑर्डरचा आकडा उचलून मोकळा होतो. मी तेच केलं.

ऑर्डर होती १००० ब्रॅकेटची, दर १२० रुपये. पहिल्या टेम्पोत ६०० गेले, दुसऱ्यात ४००. महिनाअखेरीस मी एकच बिल केलं: १,२०,००० आणि १८ टक्के जीएसटी २१,६००, एकूण १,४१,६००. दोन महिन्यांनी बँकेत आले १,३४,५२०. ७,०८० रुपये कमी. का, ते कोणी सांगेना. माझ्याकडे दोन्ही चलनं होती, दोन्हींवर गेटचा गोल शिक्का होता, आणि शिक्क्यात ‘तपासणीच्या अधीन राहून माल मिळाला’ एवढंच. किती मिळाला, त्याचा आकडा नाही. घेणाऱ्याचं नाव नाही, तारीख अर्धी पुसलेली. असला शिक्का म्हणजे टेम्पो गेटमधून आत गेला, इतकाच पुरावा.

मग सुरू झाली वारी. कंपनीचं नाव घेत नाही, पण त्यांच्या अकाउंट्सने सांगितलं जीआरएनप्रमाणे, म्हणजे त्यांच्या स्टोअरने माल मोजून घेतल्याच्या नोंदीप्रमाणे, पैसे दिलेत, स्टोअरला विचारा. स्टोअर म्हणालं आम्ही मोजून दिलं, बाकीचं क्वालिटीला विचारा. क्वालिटीवाल्या साहेबांनी मेल करा म्हटलं. मेलला उत्तर म्हणून त्यांनी माझाच मेल परचेसला फॉरवर्ड केला आणि परचेसने तो परत अकाउंट्सला. चार खात्यांतून फिरून प्रश्न जिथून निघाला तिथे येऊन बसला. जीआरएनची प्रत द्या, एवढंच मागत होतो. ‘व्हेंडरला ती द्यायची पद्धत नाही’ हे उत्तर मिळायला साडेपाच महिने लागले. आजही त्या रस्त्याने जाताना मी मान दुसरीकडे वळवतो. असो.

शेवटी स्टोअरमधल्या एका भल्या माणसाने रजिस्टरचं पान दाखवलं. पहिल्या खेपेला त्यांनी ५८० मोजले होते, दुसऱ्या खेपेतले ३० वेल्डिंगसाठी रिजेक्ट केले होते. २० कमी आणि ३० नापास, मिळून ५०. एका नगाला करासह १४१ रुपये ६० पैसे, म्हणजे बरोबर ७,०८०. आणि ते २० ब्रॅकेट? दिवाळीच्या झाडलोटीत आमच्याच पॅकिंग टेबलाखाली एक भरलेलं खोकं निघालं. एका खोक्यात २० नग बसतात. ३० खोक्यांचं चलन लिहिलं होतं, टेम्पोत चढली होती २९. गेटवर खोकी मोजून कोणी ‘२९’ लिहिलं असतं तर त्याच संध्याकाळी विषय संपला असता.

म्हणून माझं ठाम मत, पटलं तर घ्या: या साखळीत सगळ्यात महत्त्वाचा कागद चलन आहे, आणि लोक सगळ्यात निष्काळजीपणे तोच लिहितात. ऑर्डरवर ठरलेलं असतं, चलनावर घडलेलं असतं. बिल घडलेल्याचं करायचं.

ऑर्डर टाकताना पार्टीचा पीओ नंबर आणि तारीख, त्यांचा आयटम कोड, ड्रॉइंगची आवृत्ती, दर, माल पोच की आपल्या गेटवर, आणि पैशाची मुदत कुठल्या तारखेपासून मोजायची, हे सगळं हवं. एककाकडे विशेष लक्ष द्या. पीओ किलोत आणि चलन नगांत, ही फॅब्रिकेशनमधली नेहमीची रड. पीओवर किलो असतील तर चलनावर नग आणि वजन दोन्ही लिहा. ऑर्डरने स्टॉक हलत नाही की खातं हलत नाही, त्यामुळे ती कोणी नीट वाचत नाही, पण पुढचे सगळे कागद तिच्याच नंबरावर लटकतात.

चलनावर पीओ नंबर, गाडी नंबर, आणि खोक्यांचा हिशोब फोडून: ‘३० खोकी × २० = ६००’. नुसतं ‘६०० नग’ लिहिलं तर गेटवरचा माणूस काय मोजणार? खोकी तो मोजू शकतो. खाली मी रबरी शिक्का मारतो: ‘मिळालेली खोकी ____ नाव ____ तारीख ____’. ड्रायव्हरला ताकीद आहे, आकडा पेनाने भरल्याशिवाय चलन परत आणायचं नाही. पहिले काही दिवस गेटवाले कुरकुरतात, नंतर स्वतःच भरून देतात. चलन भरून हातात आलं की ड्रायव्हरने जागेवरूनच फोटो पाठवायचा.

बिल त्याच गाडीबरोबर, चलनाच्या आकड्याचं, चलन नंबर आणि पीओ नंबर दोन्ही टाकून. माझ्या उदाहरणात दोन बिलं व्हायला हवी होती, ८४,९६० आणि ५६,६४० ची. मग खोकं राहिल्याचं त्याच दिवशी कळून पहिल्या बिलावर २,८३२ ची क्रेडिट नोट निघाली असती, आणि रिजेक्शनचा माल परत आल्यावर दुसऱ्यावर ४,२४८ ची. बाकी राहिले असते ८२,१२८ आणि ५२,३९२, म्हणजे बँकेत आले तेवढेच. खोडाखोड करून मूळ बिल बदलायचं नाही. तेही मी एकदा केलंय. पार्टीच्या पोर्टलवर एक रक्कम आणि हातातल्या कागदावर दुसरी.

इथे एक बारकावा. माल आपल्याकडेच राहिला किंवा परत आला, तर क्रेडिट नोट नगांसकट करा, स्टॉक परत येतो. रिजेक्शन वेगळ्या गोडाऊनला घ्या, नाहीतर तेच ३० नग पुढच्या खेपेत निघून जातात. माल वाटेत खरंच गहाळ झाला असेल तर नग परत घेऊ नका, नसलेला स्टॉक पुस्तकात येईल.

शेवटची कडी पैसे आल्याची, आणि माझा सगळ्यात महाग गाढवपणा इथलाच. रक्कम जुळेना म्हणून मी ती `On Account` टाकली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, वर्षभर तेच. खात्याची बाकी बरोबर दिसायची, पण कुठल्या बिलाचे किती बाकी हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. जानेवारी २०२४ मध्ये बसून अकरा बिलं उकलली तेव्हा फरक निघाला ८६,१४० रुपये. त्यात १३,१४० जीएसटी होता, तो मी सरकारला कधीच भरून बसलो होतो. २०२२-२३ च्या बिलांवरची क्रेडिट नोट कर कमी करण्यासाठी दाखवायची मुदत ३० नोव्हेंबर २०२३ ला संपली होती. (वार्षिक विवरण आधी भरलं असेल तर मुदत त्याच दिवशी संपते.) माल विकला नव्हता, पैसे मिळाले नव्हते, कर मात्र गेला तो गेलाच.

आता पैसे आले की आधी पेमेंट ॲडव्हाइस मागतो, मग एंट्री. प्रत्येक बिलासमोर `Agst Ref`, बँकेत जमा झाल्याची तारीख, यूटीआर नंबर. टीडीएस कापला तर तो टीडीएसच्या खात्यात, कटौती केली तर कारण लिहून वेगळी. निव्वळ रक्कम टाकून बिल बंद करायचं नाही. फरकाचं कारण कळत नसेल तर तेवढी रक्कम त्या बिलावर उघडी राहू द्या, डोळ्यांना टोचू द्या.

तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन सूक्ष्म किंवा लघु उत्पादक म्हणून असेल तर चलनावरच्या तारखेला आणखी एक किंमत आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यात, माल पोचल्यापासून १५ दिवसांत घेणाऱ्याने लेखी हरकत घेतली नाही तर पोचल्याचा दिवस हाच माल स्वीकारल्याचा दिवस धरतात, आणि लेखी करार असला तरी पैशाची मुदत तिथून ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. तारीखच पुसट असेल तर मोजणार कुठून? याचा अर्थ लगेच तक्रार ठोका असा नाही. पुढची ऑर्डर हवी असते, ते मलाही कळतं. पण ‘साहेब, १५ दिवस होऊन गेले, तुमची हरकत आलेली नाही’ असा दोन ओळींचा मेल गेला की रिजेक्शन कळवायला त्यांना अचानक वेळ सापडतो.

जुना गुंता सोडवताना सर्वात जुन्या बिलापासून सुरू करू नका, चालू आर्थिक वर्षापासून करा. त्यावर अजून क्रेडिट नोट निघू शकते. मागच्या वर्षाची मुदत उरली असेल तर ते दुसऱ्या नंबरला. आणि एक सांगा, तुमच्याकडे परत आलेल्या चलनांवर पेनाने लिहिलेला आकडा आहे, की नुसता शिक्काच?