साडेसात हजाराच्या वाढीवर सात हजाराचा हप्ता?

प्रश्न: हिंगणा एमआयडीसीत परमनंट आहे, पगार १९,५००. युनियनचा करार झाला, वाढ ७,५००, लागू १ एप्रिल २०२५ पासून, सही ३० नोव्हेंबरला. उमरेड रोडवर प्लॉट पाहून ठेवला, हप्ता ७,०००. ६० हजार अरिअर्स बुकिंगला देतो. घेऊन टाकू का? कराराचे फोटो पाठवले आहेत.

भाऊ, आत्ता नका घेऊ. पहिल्या पानावर ७,५०० लिहिलंय खरं, पण मागे परिशिष्टात तक्ता आहे तो बघा नं, ४,००० पहिल्या वर्षी, मग एप्रिल २०२६ पासून २,००० आणि एप्रिल २०२७ पासून उरलेले १,५००. पहिल्या ४,००० मध्ये बेसिक १,६००, इतर भत्ते १,६०० आणि ८०० हजेरी भत्ता, तोही महिन्यात एकही खाडा नसेल तरच. पोरगं आजारी पडलं की गेले ८००. बेसिकवर १२ टक्के पीएफ म्हणजे १९२ कापले जातील (तुमच्या स्लिपवर पूर्ण बेसिकवर कापतात), म्हणजे नक्की हातात येणारी वाढ ३,००८.

आता अरिअर्स. कलमात साफ लिहिलंय की हजेरी भत्ता सहीच्या तारखेनंतरच लागू, म्हणून मागचे आठ महिने ३,२०० नेच मोजायचे, झाले २५,६००, पीएफचे १,५३६ गेले की २४,०६४. तेही दोन हप्त्यांत, जानेवारी आणि एप्रिल. त्यामुळे ६० हजाराचा शब्द प्लॉटवाल्याला देऊन बसला असाल तर आजच फोन करा.

अजून एक गोष्ट कुणी बोलून नाही राहिलं. ईएसआयसीची मर्यादा २१,००० आहे आणि तुमचा पगार जाते २३,५०० वर. कपात मार्चपर्यंत चालेल, उपचार त्यानंतर काही महिने मिळतील, मग घरच्यांचं दवाखान्याचं कार्ड बंद. कंपनी ग्रुप मेडिक्लेम देणार का ते करारात कुठंच नाही, युनियनवाल्यांना हे लेखी विचारा. नाही देत म्हणाले तर पहिला खर्च फॅमिली मेडिक्लेमचा, अरिअर्स तिकडेच लावा.

आणि शेवटचं कलम, ३१ मार्च २०२८ पर्यंत आर्थिक बोजा वाढवणारी नवी मागणी नाही. म्हणजे तिन्ही टप्पे धरूनही, हजेरी भत्ता सोडला तर वाढ ६,७०० च, त्यातूनही पीएफ जाणार, ७,००० चा हप्ता तेव्हाही बसत नाही. मालक अडीच हजाराच्या हप्त्यावर मुदत वाढवून देत असेल आणि लेआउट एनएमआरडीएचा मंजूर असेल तर कागद पाठवा, बघू. तोवर डिसेंबरपासून तेच अडीच हजार आरडीत टाका, घरखर्च निघतो का ते एप्रिलपर्यंत कळेलच.