गेम प्रोसेसरमुळे अडतोय की ग्राफिक्स कार्डमुळे?

प्रश्न: सायबरपंक २०७७ मध्ये १०८०पी वर ७०-७५ एफपीएसच मिळतात. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ४० टक्केच दिसतो. मग ग्राफिक्स कार्ड बदलायचं का?

उत्तर: त्या ४० टक्क्यांवर जाऊ नका. तो सगळ्या थ्रेडचा सरासरी आकडा आहे. गेमचा मुख्य थ्रेड एकाच कोअरवर पूर्ण अडकलेला असला, तरी बाकीचे कोअर रिकामे असल्यामुळे एकूण वापर कमीच दिसतो.

खरं उत्तर रिझोल्यूशन बदलून मिळतं. १०८०पी मध्ये प्रत्येक फ्रेमला सुमारे २०.७ लाख पिक्सेल रंगवावे लागतात, ७२०पी मध्ये ९.२ लाख. म्हणजे कार्डाचं काम निम्म्याहून कमी होतं. प्रोसेसरचं काम, म्हणजे गर्दीतल्या माणसांची हालचाल, फिजिक्स, काय काय काढायचं याची यादी कार्डाला देणं, जवळपास तेवढंच राहतं.

आधी `VSync` आणि `Maximum FPS` बंद करा. `Resolution Scaling` सुद्धा बंद ठेवा. डीएलएसएस किंवा एफएसआर चालू असेल तर गेम आतून आधीच कमी रिझोल्यूशनवर चालतो आणि तुलनेला अर्थ उरत नाही. मग सेटिंग्जमधलाच बेंचमार्क १०८०पी वर तीनदा चालवा. पहिली फेरी सोडून द्या, कारण शेडर आणि फाइल्स तेव्हा पहिल्यांदा लोड होतात. उरलेल्या दोन फेऱ्यांची सरासरी लिहून ठेवा. आता फक्त रिझोल्यूशन १२८०×७२० करा आणि तेच पुन्हा करा. प्रीसेट 'लो' करू नका, `Crowd Density` ला हात लावू नका. त्याने प्रोसेसरचंही काम कमी होतं. १०२४×७६८ सारखं चौकोनी रिझोल्यूशनही नको, त्यात दिसणारं दृश्यच बदलतं.

समजा ७३ चे ७५ झाले. एवढा फरक दोन फेऱ्यांमध्येही पडतो, म्हणजे अडवतोय तो प्रोसेसर (किंवा त्याला मिळणारी रॅम). नवीन कार्ड घेऊन एफपीएस वाढणार नाहीत. ७३ चे ११० झाले, तर अडथळा कार्डाचा.

बहुतेकांचा निकाल मधलाच येतो: ७३ चे ८८. तेव्हा आणखी खाली, यादीत मिळालं तर ९६०×५४० वर जाऊन पाहा. तिथेही ८९-९० च राहिले, तर ९० ही तुमच्या प्रोसेसरची कमाल मर्यादा. सर्वांत कमी रिझोल्यूशनवरचा हा आकडा मला सगळ्यात उपयोगी वाटतो, कारण कितीही महागडं कार्ड बसवलं तरी त्याच सेटिंग्जवर, त्याच दृश्यात त्याच्या फार वर जाता येत नाही. ७३ वरून ९० साठी कार्डाचे पैसे मोजायचे का, हे मग ठरवता येतं.

लॅपटॉपवर मात्र चार्जर लावूनच चाचणी घ्या आणि प्रोसेसरचा क्लॉक बघत राहा. कार्डावरचा भार उतरला की ती वीज काही मॉडेल्समध्ये प्रोसेसरकडे वळते, आणि कमी रिझोल्यूशनवरचा आकडा आहे त्यापेक्षा चांगला दिसतो.