फोनचा गेमपॅड अडखळतोय? आधी केबल लावा

फोन गेमपॅड म्हणून वापरून संगणकावर खेळताना बटण दाबल्यावर गाडी कधी लगेच, कधी उशिरा वळते, तेव्हा दोष बहुतेक वेळा ॲपचा नसून वायफायचा असतो. सरासरी वेग चांगला असला तरी मधूनच बसणारे झटके खेळ बिघडवतात.

अँड्रॉइड फोन डेटा केबलने संगणकाला जोडा, मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करा आणि यूएसबी टेदरिंग, म्हणजे केबलवरून नेटवर्क जोडायची सोय, चालू करा. मग विंडोजवर हे चालवा:

```
ipconfig
```

नव्याने दिसलेल्या इथरनेट जोडणीचा IPv4 पत्ता फोनमधल्या ॲपमध्ये टाका. जुना वायफायचा पत्ता इथे चालत नाही. तरीही जोडणी होत नसेल, तर फायरवॉल बघा. विंडोज हे नवं नेटवर्क सहसा सार्वजनिक धरतं आणि संगणकावर चालणारा गेमपॅडचा सर्व्हर अडवतं. त्या सर्व्हरला तेवढी परवानगी द्या, अख्खी फायरवॉल बंद करू नका. केबल नुसती चार्जिंगची असेल, तर टेदरिंगचा पर्याय फिकाच राहतो.