जीएसटीची थकबाकी हप्त्यांत भरायची असेल तर

आधी एक बघा: मागणी DRC-07 आदेशाने आली आहे का? तुम्हीच रिटर्नमध्ये दाखवून न भरलेल्या करासाठी कलम 80 खाली हप्ते मिळत नाहीत. बरेच अर्ज इथेच फेटाळले जातात.

अर्ज पोर्टलवर DRC-20 मध्ये करायचा. आदेशानंतर साधारण तीन महिन्यांनी वसुली सुरू होते, त्याआधी केलेला बरा. जास्तीत जास्त 24 मासिक हप्ते मिळतात, पण सगळे मागू नका, झेपतील तेवढेच मागा.

समजा, उद्यमबागेतल्या फाउंड्रीवर 6 लाखांचा कर निघाला. बारा हप्ते म्हणजे महिना 50,000, शिवाय 18 टक्क्यांनी व्याज. पहिल्या महिन्याचंच 9,000 होतं, पुढे कमी होत जातं. "धंदा मंद आहे" एवढं लिहून भागत नाही. बँक स्टेटमेंट, अडकलेल्या बिलांची तारखांसह यादी आणि पगार-वीजबिल जाऊन दरमहा काय उरतं याचा तक्ता जोडा. अधिकारी हाच तक्ता पाहतात, म्हणून त्यात उरणारी रक्कम हप्ता अधिक व्याजापेक्षा जास्तच दिसायला हवी.

मंजुरी DRC-21 ने येते. त्यानंतर एक जरी हप्ता चुकला, तरी उरलेली सगळी रक्कम नोटीस न देता लगेच वसूल होऊ शकते.