ईदच्या कलेक्शनची घोषणा लिहिताना

तुझा मसुदा वाचला. 'चंद्राच्या साक्षीने शाही नजाकत' ही ओळ काढून टाक. चंद्रकोर, कंदील, मिनार, शाही थाट हे सगळं बाहेरून पाहणाऱ्याच्या मनातलं चित्र आहे. ज्याला सकाळी नमाजला जायचंय आणि मग दिवसभर नातेवाइकांकडे फिरायचंय, त्याला त्यातून कपड्याबद्दल काहीच कळत नाही.

त्याऐवजी असं लिही: 'ईद मुबारक! नमाजपासून रात्रीच्या जेवणापर्यंत अंगाला हलके वाटतील असे सुती कुर्ते. पूर्ण बाह्या, आतून अस्तर, मुलांची मापंही त्याच रंगात.' मात्र अस्तर लिहिण्याआधी कपडा स्वतः उजेडात धरून बघ. आरपार दिसला, तर ग्राहक तो परत पाठवेल आणि पुढच्या वेळी तुझ्या शब्दावर विश्वास ठेवणार नाही.

'त्यांचा सण' असा सूर नको, थेट बोल. फोटोत हिजाब घातलेली आणि न घातलेली, दोघी असू देत.

तारखेकडे विशेष लक्ष दे. ईद चंद्रदर्शनावर ठरते, त्यामुळे एखादा दिवस पुढेमागे होतो. 'ईदच्या आदल्या दिवशी पोचेल' असं वचन देऊ नकोस. ऑर्डरची शेवटची तारीख चार दिवस अलीकडची धर आणि स्पष्ट आकड्यांत लिही. आणि हाच मजकूर बकरी ईदला वापरायचा झाला, तर त्यात कुठे रोज्यांचा उल्लेख आला असेल, तो आधी काढ.