एसएसओ लॉक झालंय आणि मीटिंग तोंडावर आहे: तिकिटात काय लिहायचं

प्रश्न: तासाभरात क्लायंट मीटिंग आहे आणि सिंगल साइन-ऑन मला आत घेत नाहीये. ‘लॉगिन होत नाही, अर्जंट’ असं लिहिलं की आयटी डेस्क उलट प्रश्न विचारत बसतो. पहिल्याच तिकिटात काय लिहू?

उत्तर: ते उलटे प्रश्न विचारणाऱ्यांपैकी मी एक. विचारतो, कारण ‘लॉगिन होत नाही’ यात चार वेगळ्या गोष्टी असू शकतात: पासवर्ड चालत नाही, फोनवरचं अप्रूव्हल येत नाही, कंपनीचं धोरण अडवतंय, किंवा लॉगिन नीट होतंय पण एकच ॲप उघडत नाही. चारही ठिकाणचे उपाय वेगळे, बऱ्याचदा ते करणारी माणसंही वेगळी.

हा गुंता एरर कोडने सुटतो. तुमच्याकडे मायक्रोसॉफ्टचं एंट्रा असेल तर एररच्या पानावर `AADSTS` ने सुरू होणारा कोड सापडेल. 50126 म्हणजे युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा, 50053 म्हणजे खातं लॉक किंवा तुमचा आयपी पत्ता संशयास्पद, 53003 म्हणजे धोरणाने अडवलं. त्याच पानावर `Correlation Id` आणि `Timestamp` असतात. ते जसेच्या तसे कॉपी करा. त्या आयडीवरून आम्हाला साइन-इन लॉगमध्ये नेमका तुमचाच प्रयत्न सापडतो. वेळ यूटीसीमध्ये असते, ती बदलून लिहू नका. आमचा निम्मा गोंधळ तिथेच होतो.

50053 जरा खोलात सांगतो, कारण मीटिंगच्या घाईत माणूस पुन्हा पुन्हा पासवर्ड टाकतो आणि इथेच येऊन अडकतो. एंट्रात सहसा मूळ सेटिंग अशी असते की १० चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं १ मिनिट लॉक होतं. त्यानंतरही चुकत राहिलात तर लॉकची वेळ वाढत जाते. म्हणून कोड दिसला की हात आवरा. आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: हे क्लाउडमधलं लॉक ॲडमिनला हाताने काढता येत नाही. मुदत संपू द्यावी लागते, नाहीतर ओळखीच्या लॅपटॉपवरून तुम्हीच सेल्फ-सर्व्हिस पासवर्ड रीसेट करायचा, कंपनीने ती सोय सुरू ठेवली असेल तर. त्यामुळे ‘माझं खातं अनलॉक करा’ एवढंच लिहिलेलं तिकीट आमच्या फारसं कामाचं नसतं. उपाय आमच्यावर सोडा, दिसलं ते लिहा.

तिकीट असं असू द्या:

```
विषय: एसएसओ लॉक, AADSTS50053, क्लायंट मीटिंग ११:०० ला

१०:०५ पासून कंपनीच्या लॅपटॉपवर, घरच्या वायफायवरून
साइन-इन होत नाही. पासवर्ड टाकल्यावर लगेच हा कोड येतो,
फोनवर अप्रूव्हल येतच नाही.
Correlation Id आणि Timestamp: (पानावरून कॉपी)
मी फक्त दोनदा प्रयत्न केला. पासवर्ड बदललेला नाही.
खासगी विंडोतही हेच. सेल्फ-सर्व्हिस रीसेट केलेला नाही.
११ पर्यंत हवं: शेअर्ड फोल्डरमधलं प्रेझेंटेशन.
मेल दुपारी सुरू झाला तरी चालेल.
संपर्क: कंपनीत नोंदवलेला मोबाइल नंबर
```

यातली ‘फक्त दोनदा’ ही ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते. दोन प्रयत्नांत खातं लॉक होत नाही. लॉगमध्ये त्याच काळात अनोळखी ठिकाणाहून ढीगभर प्रयत्न दिसले, तर कुणीतरी तुमचा पासवर्ड ओळखू पाहतंय, आणि मग हे सिक्युरिटीवाल्यांकडे जातं. तुम्ही पंधरा वेळा टाकला असेल तर पंधराच लिहा. त्यावर कुणी रागावत नाही.

‘अर्जंट’पेक्षा घड्याळातली वेळ आणि ‘११ पर्यंत काय हवं’ हे जास्त उपयोगी. खातं वेळेत उघडणार नसेल तर प्रेझेंटेशन ज्याच्याकडे आहे त्या सहकाऱ्याला स्क्रीन शेअर करायला सांगता येतं. मीटिंग क्लायंटने बोलावली असेल आणि पाहुण्यांना प्रवेश असेल, तर ब्राउझरमधून लिंक उघडून तुम्ही नुसतं नाव टाकूनही आत जाऊ शकता. हे दहा मिनिटं आधी ठरलेलं बरं.

तिकिटात पासवर्ड, ओटीपी किंवा ऑथेंटिकेटरचा क्यूआर कोड टाकू नका. तिकीट बरेच जण वाचतात.

तिकिटाचं पोर्टलच एसएसओच्या मागे असेल (असतंच बहुधा) तर डेस्कला फोन करा आणि हाच मजकूर वाचून दाखवा, किंवा सहकाऱ्याकडून तुमच्या नावाने तिकीट काढून घ्या. फोनवर डेस्क तुमची ओळख तपासेल: नोंदवलेल्या नंबरवर उलटा फोन करेल किंवा मॅनेजरला विचारेल. कर्मचारी असल्याची बतावणी करून पासवर्ड रीसेट करून घेणं ही चोरांची नेहमीची युक्ती आहे, त्यामुळे यात सूट मिळणार नाही. त्यात काही मिनिटं जातात. मॅनेजरला फोन उचलायला आधीच सांगून ठेवा.